क्रीडादिनाच्या खेळांत बदल: ऊन आणि हवेबद्दल पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोमवारी बदललेल्या वेळापत्रकाची सूचना गेली आणि तेव्हापासून वर्गाच्या ग्रुपवर, फाटकाशी आणि फोनवर तेच ते प्रश्न येत आहेत. ते एकत्र करून, क्रीडादिनाचं काम पाहणारा म्हणून मी इथे उत्तरं दिली आहेत. आपली शाळा मुंबईच्या पूर्व उपनगरातली, मैदान लहान, एका बाजूला रस्ता आणि दुसऱ्या बाजूला बांधकाम. उत्तरं त्याच मैदानाचा विचार करून लिहिली आहेत. दुसऱ्या शाळेत हेच आकडे जसेच्या तसे लागू होतील असं नाही.

1. नेमकं काय बदललं आहे?

क्रीडादिन शनिवारी, 21 फेब्रुवारीलाच आहे. आधी पहिली ते नववीचे सगळे खेळ सकाळी 7 ते दुपारी 12 असे सलग होणार होते. आता दोन भाग केले आहेत. पहिली ते पाचवीची मुलं सकाळी 8:30 ते 10:15 खेळतील, सहावी ते नववीची मुलं संध्याकाळी 4:30 ते 6:15.

1500 मीटरची शर्यत यंदा होणार नाही. 800 मीटर फक्त संध्याकाळी होईल, तीही त्या वेळचे आकडे ठीक असतील तरच. कबड्डी आणि संगीत खुर्ची सभागृहात नेली आहे. संचलन चाळीस मिनिटांवरून दहा मिनिटांवर आणलं आहे. लिंबू-चमचा, पोत्यातली शर्यत, तीन पायांची शर्यत, लंगडी, 50 आणि 100 मीटर, रिले, लांब उडी आणि गोळाफेक हे सगळं आहे तसंच आहे.

2. डिसेंबरमध्ये हवा खराब म्हणून पुढे ढकललंत, आता ऊन म्हणून बदलताय. मग नक्की कधी खेळायचं मुलांनी?

सर्वांत जास्त वेळा हाच प्रश्न आला आणि तो रास्त आहे.

थंडीत रात्री जमीन लवकर गार होते, जमिनीलगतची हवाही गार होते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. वाहनांचा धूर, बांधकामाची धूळ, कचरा जाळल्याचा धूर हे सगळं त्या झाकणाखाली अडकून राहतं. सकाळी सातला मैदानावर उभं राहिलं की पलीकडच्या इमारती धुरकट दिसतात, ते यामुळे. ऊन चढलं की जमीन तापते, हवा वर जाऊ लागते, झाकण मोडतं. त्यानंतर समुद्रावरून वारा येतो आणि उरलेलं बरंचसं वाहून नेतो. म्हणजे हवेच्या दृष्टीने पहाट वाईट आणि दुपार चांगली.

उन्हाचं बरोबर उलटं आहे. पहाट चांगली, दुपार वाईट. डिसेंबरात दुपारचं ऊन सोसवतं, म्हणून तेव्हा फक्त हवेचा प्रश्न असतो. एप्रिलमध्ये हवा बरी असते आणि फक्त उन्हाचा प्रश्न उरतो. फेब्रुवारीचा उत्तरार्ध मात्र मधला आहे. सकाळी धुरकं राहू शकतं आणि दुपारी पारा पस्तिशीच्या पुढे जाऊ शकतो. या दिवसांत जमिनीवरून येणारा पूर्वेचा वारा जोरात असला, तर समुद्राचा वारा अकरा-बाराच्या ऐवजी दोन-तीनला आत शिरतो आणि तोवर शहर तापत राहतं.

म्हणून ‘लवकर सुरू करा’ हा एकच उपाय चालत नाही. सातला सुरू केलं तर मुलं सगळ्यांत खराब हवेत धावतात. नऊला सुरू करून बारापर्यंत नेलं तर शेवटचे वर्ग सगळ्यांत वाईट उन्हात धावतात. सकाळी झाकण सैल झाल्यानंतर आणि ऊन चढण्याआधी दोनेक तास मिळतात, आणि संध्याकाळी ऊन कललेलं, वारा सुरू झालेला असताना पुन्हा तेवढेच. त्या दोन फटींत आम्ही खेळ बसवले आहेत.

3. निर्णय कोणत्या आकड्यावर घेता? ‘आज गरम वाटतंय’ असं म्हणून तर नाही ना?

नाही. दोन आकडे पाहतो, एक हवेचा, एक उष्णतेचा.

हवेसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा हवा गुणवत्ता निर्देशांक, ज्याला सगळे एक्यूआय म्हणतात. 100 पर्यंत सगळे खेळ ठरल्याप्रमाणे होतील. 101 ते 200 असेल तर 800 मीटर रद्द, 200 मीटरपर्यंतच्या शर्यती होतील आणि दम्याच्या मुलांसाठी प्रश्न 9 मधलं लागू होईल. 200 च्या वर गेला तर मैदानावर कोणतीच शर्यत नाही. 300 च्या वर गेला तर कार्यक्रमच पुढे.

उष्णतेसाठी डब्ल्यूबीजीटी नावाचा आकडा, तो आम्ही स्वतः मैदानावर मोजतो. 28 च्या खाली सगळं होईल, दर वीस मिनिटांनी पाणी. 28 ते 30 मध्ये 800, 400, रिले आणि रस्सीखेच बंद, छोटे खेळ सुरू. 30 ला पोचला की मैदान बंद. या रेषा शाळेने स्वतः आखल्या आहेत आणि मोठ्या खेळाडूंसाठी वापरतात त्यापेक्षा मुद्दाम खाली ठेवल्या आहेत. कारण प्रश्न 5 मध्ये आहे.

4. डब्ल्यूबीजीटी म्हणजे काय? मोबाइलवर तापमान दिसतंच की.

मोबाइलवर दिसतं ते सावलीतल्या हवेचं तापमान. मूल उन्हात धावत असतं. त्याच्या अंगावर ऊन पडतं, खालून जमीन तापते, आणि घाम वाळला तरच त्याचं अंग थंड होतं. हवा दमट असेल तर घाम नुसता ओघळतो, वाळत नाही.

डब्ल्यूबीजीटीत तीन तापमानं असतात. ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकाचं, काळ्या गोळ्यात ठेवलेल्या तापमापकाचं आणि साधं हवेचं. पहिलं 0.7 ने, दुसरं 0.2 ने, तिसरं 0.1 ने गुणायचं आणि बेरीज करायची. ओल्या कापडाला एवढं वजन आहे, कारण घाम वाळतो की नाही ते तेच सांगतं.

एक उदाहरण पाहू. समजा एका दिवशी हवा 35 अंश आणि कोरडी आहे. ओला तापमापक 22, काळा गोळा 48 दाखवतो.

```
0.7 × 22 + 0.2 × 48 + 0.1 × 35 = 28.5
```

दुसऱ्या दिवशी समुद्राचा वारा आला आहे, हवा 32 अंश आणि दमट आहे. ओला तापमापक 25, काळा गोळा 44.

```
0.7 × 25 + 0.2 × 44 + 0.1 × 32 = 29.5
```

पारा तीन अंशांनी उतरला आणि मुलावरचा ताण वाढला. ‘आज तर कालच्यापेक्षा कमी आहे, मग का थांबवलं?’ असं मागच्या महिन्यात एका बाबांनी विचारलं होतं, त्याचं उत्तर या दोन ओळींत आहे. शाळेने यासाठी हातात धरायचं यंत्र घेतलं आहे. ते मैदानाच्या मध्यभागी, कमरेच्या उंचीवर, उन्हात दहा मिनिटं ठेवून वाचतो. मंडपाच्या सावलीत धरलं तर आकडा फसवा येतो.

5. आमच्या लहानपणी आम्ही भर उन्हात अनवाणी धावलो. मुलांना इतकं जपायचं कारण काय?

मीही धावलो आहे. पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात.

पहिली, मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचा पृष्ठभाग जास्त असतो, त्यामुळे हवा तापलेली असेल तर बाहेरची उष्णता ते भरभर घेतं. धावताना वजनाच्या मानाने ते जास्त उष्णता तयार करतं, आणि घाम मात्र मोठ्यांपेक्षा कमी येतो. श्वासही वजनाच्या मानाने जास्त घेतं, आणि धावताना नाकाऐवजी तोंडाने घेतं, म्हणजे नाकाची गाळणी बाजूला राहते. त्यात स्पर्धा असली की मूल थांबत नाही. मोठा माणूस ‘पुरे’ म्हणतो, दुसरीतलं मूल रडत रडत रेषा गाठतं.

दुसरी गोष्ट सवयीची. उन्हात रोज खेळणाऱ्या शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. तेव्हाची मुलं दिवसभर बाहेर असायची. आताचं मूल आठवडाभर पंख्याखाली बसतं आणि एका शनिवारी एकदम मैदानावर उतरतं. फेब्रुवारीतलं ऊन तर वर्षातलं पहिलंच कडक ऊन असतं. म्हणून 2 तारखेपासून खेळाचा तास रोज थोडा थोडा वाढवत नेला आहे. त्या दिवसांत गैरहजर राहिलेल्या मुलांना 400 आणि 800 मध्ये उतरवणार नाही.

6. पारा चाळीसपर्यंत गेलेला नसताना उष्माघात होतो का?

होतो. 16 एप्रिल 2023 ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर झालेल्या कार्यक्रमात 14 जणांचा जीव गेला. त्या दिवशी परिसरातला पारा 38 अंशांच्या आसपास होता आणि ती माणसं धावत नव्हती, उघड्यावर बसलेली होती. तासन्‌तास ऊन, दमट हवा आणि गर्दी एवढं पुरलं.

हवामान विभागाचे उष्णतेच्या लाटेचे निकषही जागेप्रमाणे बदलतात. मैदानी भागात कमाल तापमान किमान 40 व्हावं लागतं, किनारपट्टीवर 37, आणि दोन्हीकडे ते नेहमीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक वर असावं लागतं. नागपूरच्या नातेवाइकांना आपले 37 हलके वाटतील, पण त्यांची हवा कोरडी असते. विभागाने आपल्या जिल्ह्याला उष्णतेचा नारिंगी किंवा लाल इशारा दिला, तर आमचं यंत्र काहीही दाखवो, मैदानावर खेळ होणार नाहीत.

7. माझ्या फोनवर हवा 160 दाखवते, तुम्ही 110 म्हणता. खरं कोण?

बहुतेक वेळा दोघंही खरे असतात, मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. अनेक परदेशी ॲप अमेरिकी मोजपट्टी लावतात. हवेत पीएम 2.5 म्हणजे अतिसूक्ष्म कण एका घनमीटरमध्ये 60 मायक्रोग्रॅम असतील, तर आपल्या मोजपट्टीवर निर्देशांक 100 येतो आणि अमेरिकी मोजपट्टीवर 150 च्या वर जातो. हवा तीच. आम्ही सगळीकडे भारतीय आकडा वापरतो. तुम्हाला तोच पाहायचा असेल तर मंडळाचं ‘समीर’ ॲप घ्या आणि शहराचा एकत्रित आकडा न पाहता आपल्याजवळचं केंद्र निवडा.

आणखी एक मेख आहे. जाहीर होणारा निर्देशांक मागच्या चोवीस तासांच्या सरासरीवर काढतात. सकाळी सातला दिसणाऱ्या आकड्यात काल दुपारची स्वच्छ हवा मिसळलेली असते. त्यामुळे आकडा बरा आणि मैदान धुरकट असं होऊ शकतं. म्हणून आम्ही जवळच्या केंद्राची त्या तासाची पीएम 2.5 ची नोंदही पाहतो. ती 90 च्या वर असेल तर निर्देशांक काहीही असो, 200 ओलांडल्यासारखंच वागतो.

समजा शनिवारी सात वाजता निर्देशांक 150 आहे पण त्या तासाचे कण 96 आहेत. तर सकाळची तुकडी 8:30 ला सुरू होणार नाही. आठला पुन्हा पाहू. आकडा उतरता असेल, समजा 78, तर नऊला सुरू करून दोन खेळ कमी करू. नव्वदच्या खाली येत नसेल तर सकाळची मुलं सभागृहातले खेळ खेळून घरी जातील.

8. दिल्लीत 400 झाल्यावर शाळा बंद करतात. तुम्ही 200 लाच शर्यती थांबवता, हे जास्त होत नाही का?

वर्गात बसणं आणि 800 मीटर धावणं यात फरक आहे. बसलेलं मूल मिनिटाला जेवढी हवा आत घेतं, त्याच्या कित्येक पट धावणारं घेतं, आणि तीही खोल. दिल्लीतला तो आकडा वर्ग भरवावेत की नाही यासाठी आहे. आपल्या सूचनेत वर्ग बंद करण्याचा विषयच नाही. 200 ला मुलं शाळेत येतीलच, फक्त मैदानावर धावणार नाहीत.

9. माझ्या मुलीला दमा आहे. तिने भाग घ्यायचा की नाही?

घ्यायचा. ‘दमा आहे, बसून राहा’ हे आम्हाला मान्य नाही. दमा आटोक्यात असलेली मुलं उत्तम धावतात.

मागच्या चार आठवड्यांत रात्री खोकल्याने जाग आली का, श्वास लागून खेळ सोडावा लागला का, आराम देणारा पंप नेहमीपेक्षा जास्त वेळा लागला का, हे तीन प्रश्न घरी विचारा. एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि यंदा तिला गोळाफेक किंवा लांब उडीत नाव देऊ द्या. धावण्याआधी पंप घ्यायला डॉक्टरांनी सांगितलं असेल तर साधारण दहा-पंधरा मिनिटं आधी तो घ्यायचा असतो. पंप आणि स्पेसर नाव लिहून मैदानावर पाठवा. दप्तरात वर्गात राहिलेला पंप असून नसल्यासारखा. निर्देशांक 100 च्या वर असेल त्या दिवशी अशा मुलांची शर्यत वेळापत्रकात उशिराच्या गटात ठेवू, कारण सकाळी हवा दर तासाला सुधारत जाते.

10. एन-95 मास्क लावून धावलं तर चालेल का?

नको. मुलांच्या चेहऱ्यावर तो नीट बसत नाही, बाजूने हवा शिरते आणि उपयोग उरत नाही. नीट बसला तर जोरात श्वास घेताना अडथळा होतो, घामाने भिजल्यावर आणखीच. ज्या हवेत मास्क हवासा वाटतो, त्या हवेत शर्यतच नको. येता-जाता रस्त्यावर मात्र जरूर लावा.

11. सगळे खेळ सभागृहातच का घेत नाही?

सभागृहात एका वेळी दीडशे मुलांपेक्षा जास्त बसवून खेळ घेता येत नाहीत. पण खरी अडचण वेगळी आहे. वर पत्रे आहेत, अकरानंतर आतली हवा बाहेरच्या सावलीपेक्षा गरम होते. खिडक्या उघडल्या तर बाहेरचे कण आत येतात, बंद केल्या तर गुदमरतं. सभागृह म्हणजे सुरक्षित असं आपण धरून चालतो, ते तपासल्याशिवाय खरं नाही. म्हणून उष्णतेचं यंत्र तिथेही लावणार आहोत आणि 28 ची रेषा तिथेही तीच. आदल्या संध्याकाळी फरशी ओल्या फडक्याने पुसून घेऊ. सकाळी केरसुणी फिरवली तर खाली बसलेली धूळ पुन्हा हवेत उडते आणि कबड्डीच्या मुलांच्या नाकातोंडात जाते.

12. संचलन इतकं छोटं का केलं? मुलांनी महिनाभर सराव केला आहे.

हा निर्णय मी घेतला आणि त्याचं कारण मागच्या वर्षी मैदानावर पाहिलं. सातवीतली एक मुलगी, तिच्या हाऊसची झेंडाधारी. सगळी पथकं फिरून जागेवर उभी होती, भाषणं सुरू होती, दहा वाजून गेले होते. तिचा झेंडा हळूहळू एका बाजूला कलू लागला. मी हाक मारली, तिने मान हलवली आणि गुडघ्यातून खाली बसली. झेंडा तिने हातातून सोडला नव्हता. सावलीत नेऊन पाय उंच ठेवल्यावर पाच मिनिटांत बरी झाली. सकाळी फक्त अर्धा कप दूध पिऊन आली होती.

धावताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. ‘सावधान’मध्ये ताठ उभं राहिलं की ते काम थांबतं, उन्हात कातडीखालच्या शिरा सैलावलेल्या असतात, रक्त पायांत साठतं आणि मेंदूकडे कमी जातं. म्हणून चक्कर येणारी मुलं बहुधा शर्यतीत सापडत नाहीत, रांगेत सापडतात. यंदा पथकं एक फेरी मारतील, मानवंदना देतील आणि थेट सावलीत बसतील. पाहुण्यांचं भाषण बक्षीस समारंभात, मुलं बसलेली असताना होईल. पाहुण्यांना तसं आधीच सांगितलं आहे आणि त्यांनी ते आनंदाने मान्य केलं आहे.

13. मुलांना काय खाऊ-पिऊ घालून पाठवू? काय घालू?

खेळाच्या दीड-दोन तास आधी हलकं खाणं. पोहे, उपमा, पोळी-भाजी, केळं, जे रोज पचतं ते. उपाशी पाठवू नका आणि त्या दिवशी नवं काही देऊ नका. पाणी आदल्या दिवसापासून नीट प्यायला लावा. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरतंय, गडद असेल तर कमी पडतंय, हे मोठ्या मुलांना सांगितलं की ती स्वतः पाहतात.

मैदानावर साधं पाणी आणि लिंबू सरबत आम्ही देऊ. जलसंजीवनीची पाकिटं प्रथमोपचाराच्या टेबलावर असतील. घरून देणार असाल तर पाकीट त्यावर लिहिलेल्या पूर्ण पाण्यातच कालवा, बहुतेक पाकिटं एक लिटरची असतात. ‘घट्ट म्हणजे ताकदीचं’ असं समजून पेल्याभर पाण्यात अख्खं पाकीट ओतलं तर उलट त्रास होतो.

कपडे सुती, सैल, फिके. हाऊसचा पॉलिस्टरचा ट्रॅकसूट घालू नका, हाऊसच्या रंगाची फीत मनगटाला पुरे. टोपी हवी. बूट रोजचे, वापरून मऊ झालेले. अनवाणी धावायला यंदा परवानगी नाही, कारण मैदानाच्या कडेचा सिमेंटचा पट्टा दहानंतर पाय भाजण्याइतका तापतो.

14. मुलगा आता बरा आहे, पण मंगळवारी ताप होता. धावू दे ना?

मागच्या सात दिवसांत ताप, जुलाब किंवा उलट्या झाल्या असतील तर धावण्याच्या शर्यतीत नको. ताप उतरला तरी शरीरातलं पाणी आणि उष्णता सांभाळायची क्षमता लगेच जागेवर येत नाही. सर्दीची काही औषधं घाम कमी करतात, तेव्हा ती सुरू असतील तर आम्हाला सांगा. हे लपवून मुलाला उतरवू नका, कळकळीने सांगतो. त्याच्या हाऊसचे गुण जाणार नाहीत, त्याला वेळ नोंदवण्याचं किंवा रेषेवरच्या पंचाचं काम देऊ.

15. रमजान सुरू झालेला असेल. रोजा ठेवणाऱ्या मुलांचं काय?

सहावी ते नववीची काही मुलं रोजा ठेवतात आणि त्यांचे खेळ संध्याकाळी, म्हणजे दिवसभर पाणी न पिता झाल्यावर येतात. त्या वेळी शर्यत धोक्याची आहे. अशा मुलांसाठी सकाळी 8:30 ला वेगळी फेरी घेऊ, सहरी होऊन तीनेक तासच झालेले असतात तेव्हा. त्यातही फक्त 100 मीटर, लांब उडी आणि गोळाफेक. सकाळची वेळ किंवा अंतर संध्याकाळच्या निकालात तसंच धरलं जाईल. कोणत्याही उपवासाच्या मुलाला हीच सोय आहे. नाव गुरुवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्या, कारण विचारलं जाणार नाही.

16. बदल झाला तर आम्हाला कधी आणि कसं कळणार?

शुक्रवारी संध्याकाळी 6 वाजता अंदाज पाहून पहिला संदेश. शनिवारी सकाळच्या तुकडीसाठी 7:15 ला पुढचा संदेश, संध्याकाळच्या तुकडीसाठी 3:45 ला. संदेश फक्त वर्गाच्या अधिकृत ग्रुपवर येईल. निर्णय मुख्याध्यापिका, मी आणि पालक-शिक्षक संघाच्या एक प्रतिनिधी मिळून घेऊ. तिघांपैकी एकाने ‘थांबवा’ म्हटलं तरी थांबवायचं, असं ठरलं आहे. खेळ सुरू झाल्यावरही दर अर्ध्या तासाने आकडा वाचून फळ्यावर लिहू, तो कोणीही येऊन पाहू शकतं.

17. मैदानावर मूल उन्हाने आजारी पडलं तर काय करता?

डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे, खूप घाम, पण मूल नीट उत्तरं देत असेल तर सावली, पाणी, ओलं फडकं आणि तुम्हाला फोन. त्या दिवशी पुन्हा खेळ नाही, मूल कितीही म्हणालं तरी.

मूल असंबद्ध बोलतंय, चिडचिड करतंय, भेलकांडतंय, ओळखत नाहीये किंवा शुद्ध हरपत आहे, तर तो उष्माघात समजायचा. कातडी कोरडी पडायची वाट पाहायची नाही, धावताना झालेल्या उष्माघातात अंग घामाने निथळत असू शकतं. अशा वेळी आधी थंड करायचं, मग हलवायचं. टेबलाशेजारी पाण्याचं मोठं टब आणि बर्फ असेल. डोकं वर धरून मुलाला गळ्यापर्यंत त्यात बसवू किंवा सतत गार पाणी ओतत वारा घालू, आणि त्याच वेळी 108 ला फोन करू. शुद्ध नीट नसेल तर तोंडाने पाणी देणार नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. तुम्ही जवळ असाल तर कृपया ‘आधी गाडीत घाला’ असा आग्रह धरू नका. मुंबईच्या वाहतुकीत जाणारी वीस मिनिटं तापलेल्या शरीराला परवडत नाहीत.

18. शेजारच्या बांधकामाचं काय? धूळ तर तिथूनच येते.

बरीच येते. महापालिकेने ऑक्टोबर 2023 मध्ये बांधकामांसाठी धुळीचे नियम काढले: भोवती पत्र्यांचं कुंपण, इमारतीला कापड, सतत पाण्याचे फवारे, बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाकं धुणं. शाळेने त्या जागेच्या व्यवस्थापकांना पत्र देऊन शनिवारी दोन्ही वेळांत तोडकाम आणि राडारोड्याची वाहतूक थांबवायची विनंती केली आहे आणि त्यांनी होकार दिला आहे. त्या वेळी काम सुरू दिसलं तर आकडा न पाहता त्या बाजूचा लांब उडीचा खड्डा बंद ठेवून उडी दुसऱ्या टोकाला घेऊ. आपलं मैदानही धूळ उडवतं, म्हणून आदल्या रात्री त्यावर पाणी मारू. सकाळी मारलं तर दमटपणा वाढतो आणि मुलं घसरतात.

19. 1500 रद्द झाल्याने माझ्या मुलाचं नुकसान होतं. सवलतीच्या गुणांचं काय?

शाळेच्या क्रीडादिनातली पदकं दहावीच्या सवलतीच्या गुणांना धरली जात नाहीत, त्यासाठी शासनाने मान्य केलेल्या स्पर्धांमधली कामगिरी लागते. तेव्हा तिथे नुकसान नाही. पण वर्षभर पहाटे उठून सराव केलेल्या मुलाला शर्यतच मिळू नये, हे मलाही लागतं. लांब पल्ल्याच्या मुलांसाठी पावसाळ्यात, जुलैमध्ये, पहिल्या उघडिपीच्या शनिवारी 1500 आणि 3000 घेऊ. तेव्हा हवा धुतलेली असते आणि ऊन नसतं. यंदाच्या नववीतल्या मुलांना, दहावीत गेल्यावरही, तिथे धावता येईल. विजेत्याचं नाव याच वर्षाच्या फलकावर लागेल.

20. पालकांची शर्यत आहे ना?

आहे, संध्याकाळी 6 वाजता, 50 मीटर. आकड्यांची रेषा तुम्हालाही तीच. रक्तदाब किंवा हृदयाची औषधं घेणाऱ्यांनी लिंबू-चमच्यात नाव द्यावं.

21. 21 तारखेलाही जमलं नाही तर?

राखीव दिवस शनिवार, 28 फेब्रुवारी, वेळा याच. एकाच तुकडीचे खेळ राहिले तर तेवढेच त्या दिवशी होतील, दुसऱ्या तुकडीचे निकाल कायम राहतील. 28 लाही आकडे रेषेबाहेर असतील तर मार्चमध्ये मैदानावर काही घेणार नाही. धावण्याचे खेळ जुलैच्या दिवशी जातील आणि सभागृहातले खेळ वर्गवार, खेळाच्या तासाला, 2 ते 6 मार्चदरम्यान होतील. त्याचं वेळापत्रक 28 च्या संध्याकाळी ग्रुपवर येईल.